छताचे पोपडे का पडतात? आधी गंज काढा, मग प्लास्टर

जुन्या इमारतीत छताला किंवा बाल्कनीखाली तांबूस डाग दिसला की आपण प्लास्टर मारून घेतो. थोड्याच दिवसांत ते पुन्हा पडतं, कारण बिघाड आतल्या सळईत असतो.

चांगलं काँक्रीट सळईला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि समुद्राकाठचे क्षार आत मुरले की हे संरक्षण संपतं. त्यात वरच्या बाथरूमची गळती. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून फोडतो.

म्हणून आधी गळती बंद करावी, मग स्लॅबला टेकू द्यावेत. हातोडीने ठोकून पोकळ वाजणारा भाग सळईच्या मागेपर्यंत फोडावा. सळई चहूबाजूंनी घासून जाडी मोजावी. १० मिमीची सळई ९ मिमी उरली, तर सुमारे १९ टक्के लोखंड गेलं. इंजिनिअर सांगतील तिथे नवी सळई जोडावी. नंतर गंजरोधक लेप, बाँडिंग कोट, थराथराने पॉलिमर मॉर्टर आणि शेवटी प्लास्टर.

पुढे आलेल्या बाल्कनीची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. तिथे फक्त खालून दुरुस्ती करून भागत नाही. वरून तपासणी करून घ्यावीच.