लांब पट्टीची वाट आणि सातांची थैली

अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली मॉस्कोत टेट्रिस रचला, तेव्हा पुढे कोणता तुकडा पडणार हे निव्वळ नशिबावर होतं. सात आकार, त्यांतला कुठलाही एक. आधी काय पडलं याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही.

खेळणारा मात्र लांब पट्टीसाठी कडेचा एक रकाना मोकळा ठेवून बसलेला असतो, कारण चार ओळी एकदम उडवायला तीच लागते. निव्वळ नशिबाच्या हिशेबात एक पट्टी पडून गेल्यावर पुढच्या तेरा तुकड्यांत एकही पट्टी न येण्याची शक्यता सुमारे साडेतेरा टक्के निघते. म्हणजे हा दुष्काळ नेहमीचाच, आणि चूक नसताना माणूस हरतो.

याहून वाईट गोष्ट हायडी बर्गिएल या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली सिद्ध केली. एस आणि झेड हे दोन वाकडे तुकडे आलटून पालटून येत राहिले, तर कितीही चांगला खेळाडू सत्तर हजार तुकड्यांच्या आत हरतोच. निव्वळ नशिबावर अनंत काळ खेळलं, तर अशी रांग कधी ना कधी येणारच.

निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसने अर्धा उपाय केला होता. मागचाच आकार पुन्हा निघाला, तर यंत्र एकदा नव्याने निवड करी. लागोपाठ तोच तुकडा येणं बरंच कमी झालं, पण यंत्राची आठवण एकाच तुकड्यापुरती असल्याने दुष्काळ टळला नाही.

खरा तोडगा २००१ च्या 'टेट्रिस वर्ल्ड्स'मध्ये आला. सातही आकार एकेक करून थैलीत घ्यायचे, पत्त्यांसारखे पिसायचे, सगळे वाटून संपले की नवी थैली पिसायची. समजा, पहिल्या थैलीत पट्टी सर्वांत आधी निघाली आणि दुसरीत सर्वांत शेवटी. मध्ये पहिलीतले उरलेले सहा आणि दुसरीतले सहा, असे बारा तुकडे आले. यापेक्षा जास्त वाट पाहावी लागतच नाही. एस-झेडचंही तसंच: एका थैलीच्या शेवटी दोन, पुढच्या थैलीच्या सुरुवातीला दोन, चारांवर ती रांग तुटते.

याची किंमतही आहे. सहा तुकडे मोजले की सातवा न बघता सांगता येतो. पुढचे तुकडे आधी दिसत असतील आणि एखादा राखून ठेवता येत असेल, तर ठराविक मांडणी करून न हरता खेळत राहता येतं. त्यामुळे अशा खेळात माणसाला हरवायचं काम वेगावर येतं. मला हा सौदा न्याय्य वाटतो, कारण हरलो तर दोष आपल्या हाताचा असतो.

तुमच्या फोनवरचा खेळ कुठल्या जातीचा, हे ओळखायला पहिले सात तुकडे पुरतात. सातही वेगळे निघाले, तर बहुधा थैलीच असणार; निव्वळ नशिबाने तसं साधारण १६३ डावांत एकदा घडतं. एक जरी आकार दोनदा आला, तर ही थैली नव्हे.