संदर्भसूचीतील सनाचे स्थलांतर

हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली गोगलगायीच्या एका जातीतील अंड्यांच्या विकासावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. पूर्वसंशोधकाचा उल्लेख येई तेथे त्यांनी त्याच्या नावालगत कंसात सन दिला आणि ग्रंथनामादी तपशिलासाठी वाचकाला अखेरच्या सूचीकडे पाठविले. पुढे 'हार्वर्ड पद्धती' म्हणून रूढ झालेल्या लेखक-सन पद्धतीचा उगम सामान्यतः येथे मानला जातो. प्राणिशास्त्रात ही योजना स्वाभाविक होती. तेथे निबंध एकदाच छापला जातो, त्यामुळे त्याचे मुद्रणवर्ष आणि त्यातील विचाराचे वर्ष ही सहसा एकच असतात. कंसातील सन पाहताच कोणाचे निरीक्षण आधीचे व कोणाचे नंतरचे, हे उमगते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ही पद्धती सहजासहजी स्वीकारली नाही. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने विल्यम रायली पार्कर यांच्याकरवी १९५१ साली जी लेखननियमावली काढली, ती तळटीपांचीच होती. तीत सन नोंदीच्या शेपटाकडे येई. १९८४ साली याच संस्थेने तळटीपांऐवजी कंसातील निर्देश पत्करला, परंतु त्या कंसात लेखकाचे नाव आणि पृष्ठांक एवढेच ठेवले, सन वगळला. या वगळण्यामागचे कारण ध्यानी घेण्यासारखे आहे. जी संहिता शतकभर पुनःपुन्हा छापली जाते, तिच्याबाबतीत हाती असलेल्या प्रतीचे वर्ष वाचकाला फारसे काही सांगत नाही. उलट त्याची दिशाभूल करण्याची शक्यता असते. टीपांच्या पद्धतीत सिद्ध झालेले हस्तलिखित समाजशास्त्रीय धाटणीच्या, म्हणजे लेखक-सन मानणाऱ्या, प्रकाशनासाठी पालटावे लागते तेव्हा नेमका हाच धोका पुढे उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीप्रश्नावरचे एक प्रकरण उदाहरणादाखल घेता येईल. त्यात ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकाचा आधार आहे. हे पुस्तक १८८२ चे. परंतु अभ्यासकांच्या हाती ते बहुधा स. गं. मालशे यांनी संपादून १९७५ साली पुनःप्रकाशित केलेल्या आवृत्तीच्या रूपाने येते. त्याच प्रकरणात जोतीराव फुले यांच्या लेखनाचे दाखले आहेत आणि ते धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या १९६९ च्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथातून घेतलेले आहेत. मूळ टीपांत हे सारे तपशील पूर्ण वाक्यात होते आणि सन अखेरीस होता. त्यामुळे गोंधळ नव्हता. आता नोंदीतील शेवटचा सन उचलून लेखकनामापुढे ठेवला, की कंसांत 'फुले १९६९' आणि 'शिंदे १९७५' अशी रूपे तयार होतात.

सूची निर्दोष दिसते, पण इतिहास उलटा झालेला असतो. ताराबाईंच्या पुस्तकावर टीका होऊ लागली तेव्हा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पालटलेल्या हस्तलिखितात मात्र १९६९ चे फुले १९७५ च्या शिंद्यांचे समर्थन करताना दिसतात. म्हणजे पुस्तक निघण्याआधीच सहा वर्षे त्याचा कैवार घेतला गेला! पूर्वीच्या टीपेत केवळ प्रतीची ओळख असलेला सन नव्या पद्धतीत कालनिर्णयाचे विधान होऊन बसला आहे.

दुसरी अडचण अक्षरांची. 'ब्राह्मणांचे कसब' (१८६९), 'गुलामगिरी' (१८७३) आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या तिन्ही कृती एकाच समग्र ग्रंथातून उद्धृत केल्यास तिघींचे वर्ष १९६९ ठरते आणि त्यांच्यात भेद करण्यासाठी सनापुढे अ, ब, क लावावे लागतात. ही अक्षरे कृतीच्या नावाच्या वर्णानुक्रमाने लागतात. म्हणून 'गुलामगिरी' १९६९अ, 'ब्राह्मणांचे कसब' १९६९ब आणि 'शेतकऱ्याचा असूड' १९६९क. चौदा वर्षांचा वैचारिक प्रवास एका वर्षात कोंबला गेला, हे झालेच. पण पुढे शेवटच्या वाचनात 'तृतीय रत्न' (१८५५) या नाटकाचा एक दाखला वाढविला, तर 'त' हा 'ग' आणि 'ब' यांच्या मध्ये येतो आणि १९६९ब हे चिन्ह त्या नाटकाकडे जाते. मजकुरात पूर्वी घातलेला प्रत्येक '१९६९ब' आता चुकीच्या कृतीकडे बोट दाखवितो, आणि सूचीत त्या चिन्हाची नोंद असल्यामुळे चूक नजरेस येत नाही.

दोन्ही अडचणींवरचा उपाय एकच आहे : मूळ सन चौकटी कंसात देऊन त्यापुढे वापरलेल्या आवृत्तीचा सन ठेवणे. 'शिंदे [१८८२] १९७५' आणि 'फुले [१८८५] १९६९' असे लिहिले की समर्थन पुस्तकाच्या मागून येते. 'फुले [१८७३] १९६९' आणि 'फुले [१८८३] १९६९' यांत भेद करण्यास अक्षरांची गरजही उरत नाही. पृष्ठांक मात्र नेहमी दुसऱ्या सनाचा असतो, हे विसरता कामा नये. रोझलिंड ओ'हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ताराबाईंचे वाक्य उद्धृत केल्यास 'शिंदे [१८८२] १९९४' अशी स्वतंत्र नोंद हवी, तर त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेतील विवेचन 'ओ'हॅन्लन १९९४' या नावाखाली जावे. टीपेत एकाच नोंदीने भागत असलेले हे दोन आवाज येथे वेगळे करावे लागतात.

कामाचा क्रमही यावरूनच ठरतो. आरंभी सर्व 'तत्रैव' आणि 'उ.नि.' उलगडून त्या जागी पूर्ण नाव लिहावे. ही चिन्हे आधीच्या टीपेवर अवलंबून असतात, आणि मधली एक टीप गळली तरी पुढची सारी मालिका परक्या ग्रंथाला चिकटते. त्यानंतर प्रत्येक कृतीचा मूळ सन निश्चित करावा. मुखपृष्ठावर शक असल्यास चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर '१८७८-७९' असा जोडसन लिहिणेच प्रामाणिकपणाचे. सूची पूर्ण झाल्यावरच अक्षरे लावावीत. ज्या टीपांत निर्देशाबरोबर वादही आहे, त्या कंसात मावत नाहीत. त्यांतील वाद टीप म्हणूनच राहू द्यावा आणि निर्देश तेवढा पालटावा.

आज हे स्थलांतर संगणकावर क्षणार्धात होते. २००६ पासून उपलब्ध असलेल्या झोटेरोसारख्या साधनात पद्धतीचे नाव बदलले की विरामचिन्हे, क्रम आणि कंस आपोआप पालटतात. पण `original-date` हा रकाना रिकामा असेल तर यंत्र १९७५ हाच सन पुढे आणते. नोंद करणाऱ्याने जे लिहिले नाही ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून अखेरची तपासणी दोनदा करावी लागते. पहिल्या खेपेस मजकुरातील प्रत्येक कंस सूचीत आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात सापडते की नाही, हे पाहावे. दुसऱ्या खेपेस सूची बाजूला ठेवून केवळ सन वाचावेत : कोणी आपल्याआधी न लिहिलेल्या ग्रंथाला उत्तर देत आहे काय? पहिली तपासणी गळलेल्या नोंदी दाखविते. १९६९ चे फुले १९७५ च्या ताराबाईंच्या बाजूने बोलत आहेत, हे दुसरीवाचून कळत नाही.