करारपत्रातील तीन बारीक चिन्हे

करारनामा, शासन निर्णय, ठराव किंवा प्रबंध वाचणारा माणूस लिहिणाऱ्याला प्रश्न विचारू शकत नाही. कागदावर जे आहे, त्यावरूनच त्याला अर्थ लावावा लागतो. उद्धृत मजकूर कुठे संपला, दोन आकडे मिळून एकच नाव झाले आहे की ते एका पल्ल्याची दोन टोके आहेत, आणि कोणता आकडा कोणत्या शब्दाचा आहे, हे तीन प्रश्न अशा मजकुरात सतत येतात. पहिल्याचे उत्तर अवतरणचिन्ह देते, दुसऱ्याचे एन डॅश आणि तिसऱ्याचे नॉन-ब्रेकिंग स्पेस. मराठीत संगणकावर औपचारिक मजकूर तयार करताना ही तीन चिन्हे कशी वागतात, ती कुठे बिघडतात आणि बिघाड कसा ओळखायचा, याचे विवेचन येथे केले आहे.

१. अवतरणचिन्हे : सरळ आणि वळणदार

छापखान्याच्या खिळ्यांमध्ये उघडणारे आणि मिटणारे अवतरणचिन्ह वेगवेगळे असे. टंकयंत्रावर कळा मोजक्या, म्हणून दोन्हींसाठी एकच सरळ चिन्ह आले. पुढे संगणकाच्या आस्की संकेतानेही तेच उचलले. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येकाला स्वतंत्र स्थान आहे. सरळ दुहेरी चिन्ह `U+0022`, उघडणारे वळणदार `U+201C` आणि मिटणारे `U+201D`. एकेरी जोडीसाठी `U+2018` आणि `U+2019`.

मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी आणि एखाद्या शब्दाकडे किंवा ग्रंथनामाकडे लक्ष वेधताना एकेरी अवतरणचिन्ह वापरतात. दुहेरी अवतरणात एकेरी आले, किंवा उद्धृत परिच्छेद पाचसहा ओळी चालला, की सरळ चिन्हांनी वाचकाची गैरसोय होते. चिन्हाला दिशाच नसल्यामुळे ते उघडते आहे की मिटते आहे, हे त्याला आजूबाजूच्या मोकळ्या जागेवरून ठरवावे लागते.

वर्डसारखी प्रणाली टंकलेले सरळ चिन्ह आपोआप वळवते, पण तिला अर्थ कळत नाही. ती फक्त आधीचे अक्षर पाहते. आधी मोकळी जागा, उघडा कंस किंवा ओळीची सुरुवात असेल तर उघडणारे चिन्ह, एरवी मिटणारे. ‘’७२ चा दुष्काळ’ लिहिताना हा नियम फसतो. वर्षाचे पहिले दोन अंक गाळल्याची खूण म्हणून तेथे `U+2019` हवे. आधी मोकळी जागा असल्याने प्रणाली मात्र `U+2018` टाकते. चिन्ह दोनदा टंकून पहिले पुसले की योग्य रूप उरते. औपचारिक कागदात त्याहून चांगला उपाय म्हणजे सरळ ‘१९७२’ लिहावे.

खास मराठीतली अडचण विभक्तीची आहे. प्रत्यय शब्दाला चिकटतो, त्यामुळे तो मिटणाऱ्या चिन्हानंतर जागा न सोडता येतो. ‘सत्यकथे’त किंवा ‘केसरी’ने ही रूपे रूढ आहेत, कारण प्रत्ययाचा आरंभ व्यंजनाने होतो आणि सामान्यरूप चिन्हाच्या आत राहते. पण मूळ शब्द आत तसाच ठेवून सामान्यरूपाची काना-मात्रा बाहेर लिहायला गेले, तर ती कोणत्याच व्यंजनावर बसत नाही. बहुतेक फॉन्ट तेथे ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. मजकुरात असे वर्तुळ दिसले, तर चूक बहुधा फॉन्टची नसून चिन्हाच्या जागेची असते. करारातील व्याख्येचा शब्द तर बदलताही येत नाही. तेथे “सदनिका” या मिळकतीत, “परवानाधारक” यांनी अशी रचना करावी. चिन्हाच्या आतला शब्द अखंड राहतो आणि विभक्ती बाहेरच्या शब्दाला लागते.

सरळ चिन्हालाही त्याची जागा आहे. संगणकीय आज्ञा आणि सूत्रे यांत तेच हवे. वळणदार चिन्ह आले की बहुतेक सूत्रे चालत नाहीत. म्हणून तांत्रिक परिशिष्टातला असा मजकूर आपोआप वळवण्याच्या सोयीपासून दूर ठेवावा.

२. एन डॅश : नाव आणि पल्ला

कळफलकावरची आडवी रेघ म्हणजे `U+002D`. आपण ती संयोगचिन्ह म्हणून वापरतो. एन डॅश `U+2013` तिच्याहून लांब असतो. लांबीमागचे कारण अर्थाचे आहे. संयोगचिन्ह दोन घटकांचे एक नाव करते, तर एन डॅश दोन टोकांमधला सगळा पल्ला दाखवतो.

कायद्याच्या मजकुरात हा भेद प्रत्यक्ष लागतो. भारतीय दंड संहितेत ‘४९८-अ’ हे एका कलमाचे नाव होते. आता ‘१५३-अ’ पासून ‘१५३-ब’ पर्यंतचा पल्ला दाखवायचा, तर ‘१५३-अ-१५३-ब’ या लिखाणात कोणती रेघ नावातली आणि कोणती पल्ल्याची, हे ठरत नाही. ‘१५३-अ–१५३-ब’ मध्ये ते ठरते, पण वाचकाला रेघेची लांबी निरखावी लागते. ‘१५३-अ ते १५३-ब’ यात शंकेला जागाच उरत नाही.

म्हणून मराठी औपचारिक लेखनात माझी शिफारस अशी : वाक्यात ‘ते’ लिहावे आणि एन डॅश कोष्टक, सूची व कंसातले पृष्ठसंदर्भ यांसाठी राखावा. आकड्यांमधला एन डॅश दोन्हीकडे जागा न सोडता येतो, जसे (पृ. ४५–५२). टोके एकाहून अधिक शब्दांची असतील तर दोन्हीकडे जागा सोडावी, जसे १२ मार्च – १५ एप्रिल. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांच्याबरोबर डॅश घालू नये, कारण पल्ल्याचे काम ते शब्दच करत असतात.

एन डॅशमुळे एक नवी अडचणही येते. ओळ कुठे तोडावी याचे युनिकोडचे नियम साध्या रेघेनंतर अंक आला तर तेथे ओळ तोडू देत नाहीत, एन डॅशनंतर मात्र तोडू देतात. त्यामुळे ‘४५-५२’ अखंड राहत होते आणि डॅश नीट केल्यावर ‘४५–’ ओळीच्या शेवटी व ‘५२’ पुढच्या ओळीत, असे या नियमांवर चालणाऱ्या प्रणालीत घडू शकते. डॅशनंतर वर्ड जॉइनर `U+2060` घातला की हे थांबते. तो अदृश्य असतो, पण काही फॉन्टांत त्याच्या जागी चौकोन उमटतो, म्हणून छापून पाहावे.

३. नॉन-ब्रेकिंग स्पेस

नॉन-ब्रेकिंग स्पेस `U+00A0` दिसायला साध्या जागेसारखीच, पण तेथे ओळ तुटत नाही. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत ती `Ctrl+Shift+Space` ने येते. वर्डमध्ये ¶ खूण चालू केली की साधी जागा मध्यावरच्या ठिपक्याने दिसते आणि ही जागा लहान वर्तुळाने (°). डोळ्यांना एरवी न दिसणारा फरक तपासण्याचा हाच सोपा मार्ग आहे.

ती वापरण्याची कसोटी एकच. जोडीतला एक घटक एकटा ओळीच्या शेवटी राहिला तर अर्थ अर्धवट वाटतो का? ‘रु.’, ‘क्र.’, ‘पृ.’, ‘डॉ.’ आणि ‘कलम’ यांच्यानंतर, तसेच आकडा आणि त्याचे एकक यांच्यामध्ये उत्तर होकारार्थी येते. विशेषण आणि नाम यांच्यामध्ये ते येत नाही, म्हणून तेथे साधी जागाच ठेवावी.

अतिरेकाचा तोटा लगेच दिसतो. चारपाच शब्दांची साखळी अखंड केली की ती सगळी पुढच्या ओळीत जाते. दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात मागच्या ओळीतल्या जागा त्यामुळे फाकतात, आणि अरुंद कोष्टकात हे जास्तच जाणवते. दुसरा तोटा माहितीच्या तक्त्यात होतो. वर्डमधला मजकूर एक्सेलमध्ये नेला की ही जागा तशीच सोबत जाते आणि `TRIM` तिला काढत नाही. दोन नोंदी डोळ्यांना सारख्या दिसूनही जुळत नसतील, तर हे कारण तपासावे :

```
=TRIM(SUBSTITUTE(A1,CHAR(160)," "))
```

४. एक उदाहरण

लीव्ह अँड लायसन्स करारातील पुढील कच्चा मजकूर पाहा :

> यापुढे जिचा उल्लेख "सदनिका" असा होईल त्या मिळकतीतील वस्तूंची यादी परिशिष्ट ३-अ मध्ये आहे. परवानाधारक कलम १२-१५ मधील अटी पाळेल व रु. २५,००० इतके परवाना शुल्क दर महिन्याच्या १-५ तारखेपर्यंत भरेल.

एकाच रेघेचे येथे तीन उपयोग झाले आहेत. ‘३-अ’ हे एका परिशिष्टाचे नाव आहे, तेथे रेघ योग्यच. तीच रेघ ‘१२-१५’ मध्ये आल्यामुळे हेही एखाद्या कलमाचे नाव असावे, असे वाचता येते. अभिप्रेत चार कलमे आहेत. ‘१-५ तारखेपर्यंत’ मध्ये पल्ला आणि ‘पर्यंत’ एकत्र आले आहेत. शुल्क पाच तारखेपर्यंत कधीही चालेल की एक तारखेच्या आधी स्वीकारले जाणार नाही, हे त्यातून कळत नाही. रेघ बदलून हा दोष जात नाही. पक्षांना विचारूनच वाक्य लिहावे लागते. पाच तारीख ही अखेरची मुदत आहे, असे धरले तर सुधारित रूप असे होईल. न तुटणारी जागा ° ने दाखवली आहे :

> यापुढे जिचा उल्लेख “सदनिका” असा होईल त्या मिळकतीतील वस्तूंची यादी परिशिष्ट°३-अ मध्ये आहे. परवानाधारक कलम°१२°ते°१५ मधील अटी पाळेल व रु.°२५,००० इतके परवाना शुल्क दर महिन्याच्या ५°तारखेपर्यंत भरेल.

‘३-अ’ ओळीच्या शेवटी तुटत असेल, तर वर्डमध्ये `Ctrl+Shift+Hyphen` ने न तुटणारे संयोगचिन्ह घालावे.

५. तपासणीचा क्रम

इन्स्क्रिप्ट कळफलकावर अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ आहेत. अवतरणासाठी टंकणारा इंग्रजी कळफलकाकडे वळतो, आणि मजकूर अनेक हातांतून व प्रणालींतून गेला असेल तर त्यात सरळ व वळणदार चिन्हे मिसळतात. म्हणून तपासणी अवतरणापासून सुरू करावी. वर्डच्या शोधखिडकीत `^034` आणि `^039` दिले की फक्त सरळ चिन्हे सापडतात. ती एकेक पाहून वळवावीत आणि दिशा तपासावी.

मग पल्ले. वाइल्डकार्डचा पर्याय चालू करून हा नमुना शोधावा :

```
[०-९]-[०-९]
```

मजकुरात इंग्रजी अंक असतील तर `[0-9]-[0-9]` चा वेगळा शोध घ्यावा. सापडलेल्या सगळ्या जागा एका फटक्यात बदलू नयेत. दूरध्वनी क्रमांक, १५-०८-१९४७ अशी तारीख, जावक क्रमांक यांतही हाच नमुना असतो आणि तेथील रेघ पल्ल्याची नसते. प्रत्येक ठिकाणी हे नाव आहे की पल्ला, हे वाचूनच ठरवावे लागते. ‘२०२४-२५’ या आर्थिक वर्षाबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येते, म्हणून कोणते तरी एक रूप ठरवून संपूर्ण कागदात तेच ठेवावे.

नॉन-ब्रेकिंग स्पेस सर्वांत शेवटी घालावी, कारण आधीच्या दोन तपासण्यांत वाक्ये बदलतात आणि जोड्याही बदलतात. शोधात `^s` दिले की घातलेल्या जागा सापडतात. त्यानंतर कागद ज्या स्वरूपात सही होऊन जाणार, त्याच स्वरूपात एकदा वाचावा. समास किंवा फॉन्ट बदलला की ओळी नव्याने पडतात, आणि संपादनाच्या पडद्यावर अखंड दिसलेले ‘४५–५२’ पीडीएफमध्ये तुटलेले आढळू शकते.