घरगुती सौर बॅटरीची निवड (कर्जत–खालापूर परिसर)

महावितरणची जोडणी नसलेल्या घरात दिवसा पॅनेलमधून मिळालेली वीज रात्रीसाठी साठवणारी बॅटरी. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत माथेरानच्या पायथ्याच्या वाड्या आणि रस्त्यापासून आत असलेली शेतघरे येथे तिची गरज पडते. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात : ट्युब्युलर लेड-ॲसिड आणि लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानातली ‘लिथियम’.

बॅटरीच्या एकूण साठ्यापैकी किती भाग वापरला, त्याला डिस्चार्जची खोली म्हणतात. एकदा वापरून पुन्हा भरली की एक सायकल झाली. या दोन आकड्यांना एकमेकांशिवाय अर्थ नाही. चांगल्या सोलर ट्युब्युलरच्या माहितीपत्रकात साधारणपणे ८० टक्के खोलीला १,५०० आणि ५० टक्के खोलीला ३,००० सायकली लिहिलेल्या असतात. रोज एक सायकल धरली तर ही अनुक्रमे चार आणि आठ वर्षे झाली. म्हणून ट्युब्युलर निम्म्याखाली उतरू न देणे शहाणपणाचे. लिथियममध्ये ८० टक्के वापरूनही ३,००० ते ६,००० सायकलींचा दावा असतो. हे आकडे २५–२७ अंश तापमानाचे आहेत. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत बॅटरी त्याहून बरीच तापते, आणि लेड-ॲसिडचे आयुष्य दर दहा अंश वाढीला जवळजवळ निम्मे होते.

तरीही या भागात बॅटरीची खरी परीक्षा उन्हाळ्यात होत नाही, जुलैत होते. एक घर धरू : दोन बीएलडीसी पंखे, चार एलईडी दिवे, टीव्ही आणि मोबाइल मिळून दिवसाला १.२ युनिट. इन्व्हर्टरची गळती धरता बॅटरीतून १.४ युनिट जातात. छपरावर एक किलोवॅटची पॅनेल आहेत. जानेवारीत ती चार युनिट देतात, दाट ढगात एखादेच. ट्युब्युलर भरताना सुमारे वीस टक्के वीज वाया जाते, म्हणून त्या एका युनिटातले ०.८ साठतात आणि रोज ०.६ ची तूट पडते. १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात, त्यातले वापरायचे १.८. म्हणजे तीन दिवसांत मर्यादा गाठली. २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या लिथियममध्ये २.५६ पैकी सुमारे २ युनिट वापरता येतात. भरताना पाचच टक्के जातात, तूट ०.४५ राहते, आणि ती साडेचार दिवस पुरते. लहान दिसणारी बॅटरी जास्त टिकते ती अशी.

मधेच दोन तास ऊन पडले की फरक आणखी वाढतो. पॅनेल तेव्हा ३५ अँपिअरपर्यंत देतात. लिथियम ते सगळे घेते. ट्युब्युलरला क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअरच्या आसपास चार्जिंग मानवते आणि शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात. त्यामुळे ती आठवडेच्या आठवडे अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक थर जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. माहितीपत्रकातल्या सायकलींत हे नुकसान धरलेले नसते. हायड्रोमीटरने ते ओळखता येते : पूर्ण भरल्यावर ॲसिडची घनता १.२४० च्या आसपास हवी. दिवसभर चार्ज करूनही ती १.२०० च्या वर जात नसेल, तर प्लेटा सल्फेटने धरल्या आहेत असे समजावे. पाणी भरताना डिस्टिल्डच वापरावे. पागोळ्यांचे किंवा विहिरीचे चालत नाही.

लिथियमचा चार्ज मात्र व्होल्टेजवरून कळत नाही, कारण ९० ते ३० टक्क्यांपर्यंत ते जवळजवळ सपाट राहते. त्यासाठी आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मीटर लागतो. जुना चार्ज कंट्रोलर ठेवायचा असेल तर त्यातले इक्वलायझेशन बंद करावे. नाहीतर व्होल्टेज चढून बॅटरीतले बीएमएस पुरवठा तोडते, आणि घरधन्याला वाटते की बॅटरी मेली. वाडीला पायवाटेनेच जावे लागत असेल तर वजनही पाहावे : ट्युब्युलरचा एक नग पन्नास किलोच्या वर, शिवाय आत ॲसिड, वरील लिथियम पंचवीस किलोच्या आसपास.

बारमाही राहत्या घरासाठी, किंमत जास्त असली तरी, लिथियमच घ्यावी. केवळ शनिवार-रविवारी उघडणाऱ्या शेतघराचे गणित उलटे आहे. तिथे वर्षाला शंभरेक सायकली होतात आणि ३,००० सायकली संपायला तीस वर्षे लागतील. बॅटरी त्याआधीच वयाने जाईल. मधले पाच दिवस ती सावकाश पूर्ण भरत राहते, जे ट्युब्युलरला हवेच असते. लिथियमला उलट सतत शंभर टक्के भरून ठेवणे मानवत नाही. अशा घराला ट्युब्युलर पुरेशी आहे. फक्त क्षमता सी-१० दराने, म्हणजे दहा तासांत रिकामी होण्याच्या हिशेबाने, दिलेली आहे ना, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. सी-२० दराची १५० ची बॅटरी प्रत्यक्षात त्याहून कमी देते.