प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक : एका त्रिभागणीची कुळकथा

महाराष्ट्रातल्या शाळेत सहावीला प्राचीन भारत येतो, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे, की काळ मुळातच असा तीन तुकड्यांत घडला असावा असे वाटू लागते. प्रत्यक्षात ही चौकट एका विशिष्ट प्रदेशातल्या विशिष्ट माणसांनी, त्यांच्या गरजेपोटी बनवली. ती आपल्याकडे आली तेव्हा तिच्या आतली कसोटी दोनदा बदलली. या तिन्ही कसोट्या नाशिकच्या भूमीवर लावून पाहिल्या, की चौकट कुठे बसते आणि कुठे निसटते ते स्पष्ट दिसते.

चौकटीचे मूळ इटलीत आहे. चौदाव्या शतकात पेत्रार्क या कवीला प्राचीन रोमचे वैभव आणि सिसेरोची लॅटिन यांचा ध्यास होता. रोम ढासळल्यानंतरची शतके त्याला अंधारलेली वाटत. पंधराव्या शतकात लिओनार्दो ब्रुनी आणि फ्लाव्हिओ बिओंदो या इतिहासकारांनी त्या शतकांचा स्वतंत्र खंड म्हणून विचार केला. आधी उत्तम लॅटिनचा काळ, मग ती बिघडल्याचा काळ आणि पुढे ती पुन्हा शुद्ध होऊ लागल्याचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा काळ. मधल्या काळाला स्वतःचे गुण मानलेच नव्हते. दोन चांगल्या काळांच्या मधला, एवढीच त्याची ओळख होती.

या कल्पनेला सनावळी दिली ती ख्रिस्तोफ केलारिउस या जर्मन शिक्षकाने. तो शाळा चालवत असे आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके लिहीत असे. पुढे हाले विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचे प्राचीन इतिहासाचे पुस्तक १६८५ साली आले, मध्ययुगाचे १६८८ साली आणि नव्या काळाचे १६९६ साली. मध्ययुग सम्राट कॉन्स्टंटाइनपासून सुरू होऊन १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले तिथे संपते, असे त्याने ठरवले. म्हणजे आपल्या ओळखीची ही त्रिभागणी जन्मापासूनच अभ्यासक्रमाची सोय होती.

भारतात ती वेगळ्या कपड्यांत आली. जेम्स मिल याने १८१७ साली ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास लिहिला. तो कधी भारतात आला नव्हता आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. त्याने हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन भाग पाडले. पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला मराठी मुलखाची जवळून ओळख होती, तरी त्याच्या १८४१ च्या ग्रंथाच्या नावातही हिंदू आणि मुसलमानी हेच कालखंड आहेत. पुढे स्टॅन्ली लेन-पूल याने १९०३ साली मुसलमानी राजवटीवरच्या पुस्तकाच्या नावात ‘मध्ययुगीन भारत’ असे घातले, आणि युरोपातले मधले युग मिलच्या मधल्या भागावर बेमालूम बसले. इटलीत भाषा ही कसोटी होती. इथे राजाचा धर्म ही कसोटी झाली.

मराठीत गोविंद सखाराम सरदेसाईंनी ही मांडणी जशीच्या तशी घेतली नाही. ‘मुसलमानी रियासत’ आणि ‘ब्रिटिश रियासत’ यांच्या मध्ये त्यांनी ‘मराठी रियासत’ उभी केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे हा सगळा प्रकल्प त्यांनी ‘हिंदुस्थानचा अर्वाचीन इतिहास’ या नावाखाली मांडला. ज्या काळाला आजचे पाठ्यपुस्तक मध्ययुग म्हणते, तो सरदेसाईंच्या मांडणीत अर्वाचीन होता.

तिसरी कसोटी स्वातंत्र्यानंतर आली. राजाच्या धर्मावरून कालखंड पाडणे चूक आहे, असे म्हणणाऱ्या इतिहासकारांनी समाज आणि अर्थव्यवहार यांच्याकडे नजर वळवली. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली भारतीय सरंजामशाहीवरच्या ग्रंथात मांडले, की गुप्तकाळाच्या आसपासपासून ब्राह्मणांना आणि मठमंदिरांना करमाफीसह जमिनी दिल्या जाऊ लागल्या, नाण्यांचा वापर आटला, शहरे ओसरली आणि त्यातून मध्ययुग घडले. ‘आद्य मध्ययुग’ हा शब्द अभ्यासकांच्या तोंडी रुळला तो मुख्यतः या चर्चेतून.

आता या तिन्ही कसोट्या घेऊन नाशिकला येऊ.

पहिली कसोटी भाषेची. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातली, म्हणजे पांडवलेण्यांतली, सातवाहन आणि क्षत्रप काळातली दानलेखने मुख्यतः प्राकृतात आहेत. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या एका मोठ्या लेखात प्राकृतमिश्रित संस्कृत डोकावते. पुढच्या शतकांत ताम्रपट संस्कृतात लिहिले जाऊ लागतात आणि तेराव्या शतकात याच गोदावरीच्या खोऱ्यात मराठी ग्रंथभाषा म्हणून उभी राहते. इथे आधी लोकव्यवहाराला जवळची भाषा दगडावर येते, मग संस्कृत येते आणि मग पुन्हा लोकभाषा वर येते. शुद्ध भाषा, मग ऱ्हास, मग पुनरुज्जीवन हा इटलीतला क्रम इथे उलटासुलटा होतो. तेराव्या शतकातल्या मराठीला कुणी ऱ्हास म्हणणार नाही. पण चौकट मात्र तिला त्याच ‘मधल्या’ काळात बसवते.

दुसरी कसोटी राजाच्या धर्माची. पाठ्यपुस्तकांत मध्ययुगाची सुरुवात पुष्कळदा १२०६ सालच्या दिल्ली सल्तनतीपासून सांगितली जाते. त्या साली नाशिक परिसर देवगिरीच्या यादवांकडे होता. यादवांचे मूळ ठाणे याच जिल्ह्यातले सिन्नर, आणि तिथले गोंदेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. अल्लाउद्दिनाची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची आणि यादवांचे राज्य पुरते संपले ते १३१८ च्या सुमारास. म्हणजे दिल्लीचा सन इथे शंभराहून अधिक वर्षे आधी लागतो. दुसऱ्या टोकाला तर अडचण आणखी मोठी आहे. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. अठराव्या शतकात पेशव्यांकडे आल्यावर जुने नाव परतले आणि गोदाकाठी मोठी मंदिरे बांधली गेली. सुंदरनारायणाचे मंदिर १७५६ चे. सरदार ओढेकरांनी बांधलेले काळाराम मंदिर त्याच शतकाच्या उत्तरार्धातले. इंग्रज नाशिकला आले १८१८ साली. मिलचे तीनच कप्पे प्रामाणिकपणे वापरले, तर काळाराम मंदिर मुसलमानी कालखंडात ठेवावे लागते. सरदेसाईंना चौथा कप्पा का करावा लागला, ते इथे समजते.

तिसरी कसोटी सर्वांत विचारी आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबले पाहिजे. करमाफ जमीनदान हे मध्ययुगाचे लक्षण असेल, तर ते नाशिकला फार लवकर दिसते. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षीचा आदेश कोरला आहे. उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत त्याने त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिले. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, कसला त्रास देऊ नये, मिठासाठी खोदू नये, अशा सवलती त्यात आहेत. चोविसाव्या वर्षीचा दुसरा आदेश याहून बोलका आहे. कखडी गावचे दिलेले शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तने राजाची जमीन द्यावी, असे तो सांगतो. जमीनदान, करमाफी आणि ओसाड पडलेले गाव ही सगळी लक्षणे इथे ‘प्राचीन’ काळाच्या ऐन मध्यावर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास आहेत. सातवाहनांची दाने ही आरंभीची उदाहरणे आहेत हे शर्मांनाही ठाऊक होते. पण आरंभ इतका मागे गेला की सीमारेषा धूसर होते.

आणि त्याच डोंगरावर रोकड अर्थव्यवहाराचाही सज्जड पुरावा आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. हिशेब करून पाहा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे आहेत. वीस गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस. म्हणजे जमीनदान आणि व्याजावरची ठेव या एकाच काळातल्या, एकाच विहारसमूहासाठीच्या गोष्टी आहेत. जमीनदान सुरू झाले म्हणून नाणे मागे हटले, असे इथे दिसत नाही.

नाणे आटल्याचा काळ मानला जातो, त्यातलाही पुरावा याच जिल्ह्यातून येतो. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या अंजनेरीला भोगशक्ती राजाचे ताम्रपट मिळाले. त्यांपैकी एक कलचुरी संवत ४६१ चा, म्हणजे इसवी सन ७०९-१० च्या सुमाराचा आहे. त्यांत कृष्णराज-रूपकांचा उल्लेख आहे. हे रूपक म्हणजे कलचुरी राजा कृष्णराजाच्या नावाची चांदीची नाणी. तो राजा सहाव्या शतकातला. म्हणजे त्याची नाणी दीड शतकानंतरही व्यवहारात होती. त्याच ताम्रपटांतून उजाड झालेले समगिरिपट्टण पुन्हा वसवून तिथल्या व्यापाऱ्यांना जकातीतून सूट दिल्याचे कळते. नगर ओस पडले हे खरे. पण भोगशक्तीला ते पुन्हा भरवायचे होते, आणि त्यासाठी त्याने व्यापाऱ्यांनाच बोलावले. नगरे ओसरण्याची कथा देशभर एकसारखी नाही, असे म्हणणाऱ्या इतिहासकारांच्या बाजूने हा पुरावा पडतो.

यावरून चौकट फेकून द्यावी असे मी म्हणणार नाही. विद्यार्थ्याला कुठून तरी धागा धरावा लागतो आणि ग्रंथालयाला पुस्तके कुठल्या तरी फळीवर ठेवावी लागतात. पण हे शब्द वापरणाऱ्याने प्रत्येक वेळी दोन गोष्टी सांगाव्यात. काय बदलले म्हणून सीमा आखली, आणि ती कुठल्या प्रदेशासाठी आखली. सातवाहनकाळ, यादवकाळ, शिवकाळ, पेशवाई ही आपली नावे त्या दृष्टीने प्रामाणिक आहेत, कारण सत्ता आणि प्रदेश ती उघडपणे सांगतात. त्यांचीही मर्यादा आहे. राजघराणे बदलले म्हणून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या कोकणा, महादेव कोळी आणि वारली माणसांचे जगणे त्याच वर्षी बदलले, असे कुणाला म्हणता येणार नाही.

आधुनिकतेची सीमा तर सर्वांत जपून आखायला हवी. राजवटीने पाहिले तर नाशिकचा आधुनिक काळ १८१८ ला सुरू होतो. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा इंग्रजी राजवटीला शंभराहून अधिक वर्षे झाली होती आणि ते दार अजून बंदच होते. सत्याग्रह पाच वर्षे चालला, दार उघडले नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. आधुनिक म्हणजे नवी राजवट असा अर्थ घेतला तर एक सन मिळतो. माणसाला माणूस म्हणून दारातून आत जाता येणे असा घेतला तर दुसरा. माझ्या मते नाशिकच्या इतिहासपुस्तकात दोन्ही सन शेजारी छापावेत आणि प्रत्येकाची कसोटी त्याच ओळीत लिहावी.