करिअर समुपदेशनाच्या रेकॉर्डिंगचा सारांश कसा काढायचा? पर्याय, प्रवेश परीक्षा आणि पुढची कामं

समुपदेशकांशी पाऊण तास बोलणं होतं, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंगही केलेलं असतं. पण पंधरा दिवसांनी "सर त्या परीक्षेचं काय म्हणाले होते?" असा प्रश्न पडला की ४२ मिनिटांची फाइल पुढेमागे करत बसावं लागतं. म्हणून त्या फाइलचा एका पानाचा सारांश हवा. त्यात तीनच भाग ठेवायचे: चर्चा झालेले पर्याय, प्रवेश परीक्षा आणि पुढची कामं.

इथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. बोलणं एका क्रमाने होतं आणि अर्जांच्या मुदती दुसऱ्याच क्रमाने येतात. सारांश बोलण्याच्या क्रमाने लिहिला, तर त्यातलं प्रत्येक वाक्य बरोबर असूनही फॉर्म भरायचा राहून जाऊ शकतो.

नमुना

समजा, हुपरीतली एक मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएम. घरी चांदीच्या पैंजणांचं काम आहे. समुपदेशन सप्टेंबरमध्ये झालं आणि वडीलही सोबत होते.

पायरी १: वेळेसकट नोंदी

पहिल्यांदा ऐकताना सारांश लिहायचा नाही. कामाचं वाक्य आलं की थांबवायचं आणि मिनिट:सेकंद, बोलणारा आणि वाक्य एवढंच टिपायचं.

- ०३:१० वडील: "सर, आमचं चांदीचं काम. पोरीनं इंजिनिअरिंग करावं असं वाटतंय."
- ०८:२५ समुपदेशक: "त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यायचीच. जेईई मेन दिली तर आणखी एक रस्ता उघडा राहतो."
- १९:४० मुलगी: "सर, मला पैंजणांची डिझाइन्स करायला आवडतं. त्याचं शिक्षण असतं का?"
- २०:०५ समुपदेशक: "असतं की. बी.डेस. म्हणतात. यूसीड आहे, निफ्ट आहे. चित्रकलेचा सराव करणार असशील तर नक्की बघ."
- ३१:५० वडील: "आणि आर्किटेक्चर?" मुलगी: "नको, पप्पा."
- ३८:१५ समुपदेशक: "जातीचा दाखला आहे, पण व्हॅलिडिटी नाही ना? मग ते आत्ताच सुरू करा."

आवाजाचा मजकूर करून देणारं ॲप वापरलं तरी या नोंदी हाताने कराच. अशी ॲप्स नेमकी परीक्षांच्या नावांवर अडखळतात. 'निफ्ट'चं 'लिफ्ट' झालं तर लगेच कळतं. पण 'एनआयडी'च्या जागी 'एनआयटी' आलं तर शंकाही येत नाही, कारण दोन्ही संस्था खऱ्या आहेत. एक डिझाइनची, दुसरी इंजिनिअरिंगची. म्हणून परीक्षेचं किंवा संस्थेचं नाव आलं की ती दहा सेकंद पुन्हा ऐका.

पायरी २: पर्याय

पर्यायाच्या नावापुढे तो कुणी मांडला आणि शेवटी त्याचं काय ठरलं, हे लिहायचं.

- इंजिनिअरिंग: वडिलांची इच्छा, समुपदेशकांना मान्य. मुलगी यावर स्वतःहून काही बोललेली नाही. (०३:१०, ०८:२५)
- बी.डेस.: मुलीची आवड. समुपदेशकांची अट: चित्रकलेचा सराव. (१९:४०, २०:०५)
- आर्किटेक्चर: विषय निघाला, मुलीने नको म्हटलं. (३१:५०)

नुसतं "इंजिनिअरिंग, बी.डेस., आर्किटेक्चर" असं लिहिलं असतं, तर सोडून दिलेला पर्यायही बाकीच्यांच्या रांगेत बसला असता. दुसरा धोका अटीचा. "सराव करणार असशील तर बघ" याचं "बी.डेस. करावं" असं झालं की सल्ला बदलतो. म्हणून वाक्यातले 'तर', 'असेल', 'शक्यतो' हे शब्द सारांशातही ठेवायचे.

पायरी ३: प्रवेश परीक्षा

आता बोलण्याचा क्रम सोडा आणि परीक्षा कॅलेंडरप्रमाणे लावा. रेकॉर्डिंगमध्ये तारखा नसतील तर आधीच्या वर्षीच्या तारखा अंदाजासाठी घ्या. २०२५ चा क्रम असा होता:

| परीक्षा | कशासाठी | २०२५ मध्ये कधी |
|---|---|---|
| यूसीड | आयआयटी मुंबई आणि इतर काही संस्थांत बी.डेस. | १९ जानेवारी |
| जेईई मेन, पहिलं सत्र | एनआयटीसारख्या संस्थांत इंजिनिअरिंग | जानेवारीचा शेवट |
| निफ्ट | निफ्टचे डिझाइन अभ्यासक्रम (दागिन्यांच्या जवळचा: ॲक्सेसरी डिझाइन) | ९ फेब्रुवारी |
| बारावी बोर्ड | सगळ्यांसाठी | ११ फेब्रुवारीपासून |
| एमएचटी-सीईटी, पीसीएम | राज्यातल्या कॉलेजांत इंजिनिअरिंग | १९ एप्रिलपासून |

बोलण्यात सीईटी आठव्या मिनिटाला आली आणि यूसीड विसाव्या. कॅलेंडरमध्ये मात्र यूसीड सगळ्यांत आधी आहे. तिचे अर्ज ऑक्टोबरमध्येच सुरू होतात. "आधी बोर्ड होऊ दे, मग डिझाइनचं बघू" असं या घरात ठरलं, तर यूसीड आणि निफ्ट दोन्ही त्या वर्षापुरत्या हातच्या गेल्या. निफ्ट आणि बोर्डाचा पहिला पेपर यांत २०२५ मध्ये दोनच दिवसांचं अंतर होतं, हेही घरच्यांना तक्त्यातच दिसतं.

एक काळजी घ्या: समुपदेशकांनी सांगितलेलं आणि तुम्ही शोधून भरलेलं वेगळं दिसलं पाहिजे. या तक्त्यातली एकही तारीख रेकॉर्डिंगमध्ये नाही. म्हणून तक्त्याखाली "तारखा २०२५ च्या, चालू वर्षाच्या तपासणे" असं लिहा आणि अधिकृत साइट द्या: यूसीडसाठी `uceed.iitb.ac.in`, जेईई मेनसाठी `jeemain.nta.nic.in`, सीईटीसाठी `cetcell.mahacet.org`.

पायरी ४: पुढची कामं

"फॉर्म भरणे" हे काम म्हणून अपुरं आहे. कोण करणार आणि कधीपर्यंत, हे दोन्ही हवं.

१. या आठवड्यात, मुलगी: यूसीडच्या साइटवर अर्जाची शेवटची तारीख बघून तक्त्यात भरणे. (२०:०५)
२. या आठवड्यात, वडील: जात पडताळणीसाठी कॉलेजच्या ऑफिसमध्ये विचारणे आणि कागद गोळा करायला लागणे. (३८:१५)
३. महिनाअखेर, मुलगी: पैंजणांची दहा स्केचेस काढून चित्रकलेच्या शिक्षकांना दाखवणे. अट पूर्ण होते का ते यावरून कळेल. (२०:०५)
४. अर्ज सुरू झाले की, दोघं: जेईई मेनचा फॉर्म भरायचा का ते ठरवणे. (०८:२५)

दुसरं काम मुद्दाम वर घेतलंय. रेकॉर्डिंगमध्ये ते शेवटी, निघता निघता आलं. पण पडताळणीला वेळ लागतो आणि राखीव जागेवर प्रवेश घेताना हे प्रमाणपत्र लागतं. शेवटच्या पाच मिनिटांत अशी कागदपत्रांची कामं बरेचदा निघतात, म्हणून तो भाग नेहमी दोनदा ऐका.

शेवटची तपासणी

सारांशातल्या प्रत्येक वाक्यापुढे वेळ आहे का बघा. वेळ नसेल, तर ते वाक्य तुम्ही बाहेरून आणलंय किंवा तुमचा अंदाज आहे. तसं स्पष्ट लिहा, नाहीतर काढून टाका. मग पान विद्यार्थ्याला वाचायला द्या. आपल्या नमुन्यात "मुलगी यावर स्वतःहून काही बोललेली नाही" ही ओळ आहे. ती वाचून मुलगी काय म्हणते ते विचारा आणि तिचं उत्तर त्या दिवसाच्या तारखेसह खाली लिहून ठेवा. रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच राहून गेलं होतं.