बाणगंगेच्या पायऱ्या का तुटल्या? देवळाच्या तलावातला गाळ काढणं एवढं अवघड का असतं?

जून २०२४ मध्ये मुंबईतल्या वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाचे फोटो सोशल मीडियावर फिरू लागले. गाळ काढण्यासाठी तलावात उतरवलेल्या एक्सकॅव्हेटरमुळे जुन्या दगडी पायऱ्यांचं नुकसान झालं होतं. स्थानिक रहिवासी आणि भाविक संतापले, महापालिकेने कंत्राटदाराविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आणि पायऱ्या दुरुस्त करण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

गाळ काढायला कोणाचाच विरोध नव्हता. तलावाचं पुनरुज्जीवन व्हावं ही मागणी जुनीच होती. मग काम सुरू होताच नुकसान का झालं? त्याचं उत्तर अशा तलावांच्या रचनेत आहे.

बाणगंगा नेमकी काय आहे?

मलबार हिलच्या टोकाला, समुद्रापासून अगदी जवळ असलेला हा गोड्या पाण्याचा तलाव जमिनीखालच्या झऱ्यावर भरतो. रामाने बाण मारून इथे पाणी काढलं, अशी आख्यायिका आहे आणि नावही त्यावरूनच पडलं. शिलाहार राजवटीतले मंत्री लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ मध्ये तो बांधला आणि १७१५ मध्ये रामा कामत यांच्या देणगीतून त्याची पुनर्बांधणी झाली, असं सांगितलं जातं. तलाव गौड सारस्वत ब्राह्मण समाजाच्या देवस्थान ट्रस्टच्या मालकीचा आहे आणि राज्य संरक्षित स्मारकही आहे.

म्हणजे एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क आहे. पुरातत्त्व विभागाला दगड जपायचे आहेत. ट्रस्ट आणि भाविकांना तिथे स्नान, पिंडदान, श्राद्ध करायचं आहे. पाण्यात मासे आणि बदकं आहेत. आणि पायऱ्यांवर कोणी घसरून बुडू नये, हीही जबाबदारी कोणावर तरी आहेच.

मशीन पायऱ्यांवर का चालत नाही?

वरून पाहिलं तर पायऱ्या भक्कम वाटतात. पण अशा तलावांत पायरी म्हणजे एकसंध भिंत नसते. घडवलेला लांब दगड पुढे दिसतो, त्याच्या मागे दगडगोट्यांची आणि मातीची भर असते. वरच्या पायरीची पुढची कड खालच्या पायरीवर टेकलेली असते. माणसाचं वजन या रचनेला सहज पेलतं. वीस टनांच्या आसपासचं मशीन मात्र दगडाच्या कडेवर उभं राहिलं, की मागची भर दबते, दगड पुढे झुकतो किंवा मधोमध चिरतो. एक दगड निसटला की त्याच्यावरचे सैल होतात. त्यामुळे नुकसान मशीनच्या चाकाखालच्या जागेपुरतं राहत नाही.

मग मशीन वापरायचंच नाही का? एक साधा हिशोब करून पाहू. समजा, ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद अशा तलावात अर्धा मीटर गाळ साचला आहे. म्हणजे १,००० घनमीटर गाळ. एका ट्रॉलीत ३ घनमीटर मावला, तर ३०० हून जास्त फेऱ्या होतात. हे सगळं पाट्या भरून डोक्यावरून वर आणायचं म्हटलं, तर काम फार लांबतं. मशीन आणण्याचा मोह इथूनच होतो.

मधला मार्ग आहे. क्रेन तलावाबाहेर, पक्क्या रस्त्यावर उभी करायची. तिने एखादं लहान मशीन उचलून थेट तळाशी ठेवायचं आणि भरलेल्या बादल्याही तिनेच वर घ्यायच्या. पायऱ्यांना मशीनचा स्पर्शच होत नाही. दुसरा पर्याय म्हणजे तराफ्यावरच्या पंपाने पातळ गाळ पाण्यासकट ओढून घेणं. पायरीच्या खोबणीत बसलेला गाळ मात्र हातानेच काढावा लागतो. लोखंडी पहारीऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकची फावडी लागतात.

पाणी उपसताना काय बिघडतं?

मशीनइतकाच, पण डोळ्यांना न दिसणारा धोका पंपाचा असतो. तलाव भरलेला असताना पायऱ्यांमागची भरही पाण्याने भिजलेली असते. पुढचं पाणी आणि मागचं पाणी एकमेकांना तोलून धरतात. पंप लावून दोन दिवसांत तलाव रिकामा केला, तर पुढचा आधार जातो, पण मागचं पाणी तसंच अडकून राहतं. ते दगडांना आतून ढकलतं आणि पायऱ्या फुगून पुढे येतात.

म्हणून पातळी हळूहळू उतरवावी लागते. रोज साधारण २५ सेंटीमीटर धरले, तर ३ मीटर खोल पाण्याला १२ दिवस लागतात. रोज सकाळी पायऱ्यांच्या सांध्यांकडे पाहायचं. सांध्यातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ठीक. गढूळ, मातकट पाणी येत असेल तर मागची भर वाहून चालली आहे, आणि पंप थांबवण्याची ती खूण आहे.

समुद्राजवळच्या तलावात आणखी एक अडचण असते. किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी फार उपसलं की खालचं खारं पाणी वर सरकतं. पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर रोज एकदा बुडवलं, तरी हे कळतं. आकडा दिवसागणिक चढत असेल, तर उपसा थांबवायला हवा.

तळाशी किती खोदायचं, यालाही मर्यादा आहे. वरचा गाळ काळा, मऊ आणि कुजकट वासाचा असतो. त्याखाली मूळ तळाची चिकण माती, मुरूम किंवा फरसबंदी लागते. रंग आणि घट्टपणा बदलला की थांबायचं. ‘आणखी थोडं खोल करू’ म्हणून मूळ थर फोडला, तर झऱ्यावर भरणाऱ्या तलावाचं पाणी त्याच वाटेने निघूनही जाऊ शकतं.

पितृपक्षानंतर मासे का मरतात?

बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेले मासे तरंगताना दिसल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पाण्यात कोणी विष टाकलं, अशी शंका लगेच घेतली जाते. कारण बहुतेक वेळा साधं असतं. पाण्यात पडलेलं अन्न जिवाणू खातात, आणि ते करताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात.

वरचाच तलाव घेऊ. ३ मीटर खोल पाणी म्हणजे ६० लाख लिटर. दर लिटरमागे ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरला, तर एवढ्या पाण्यात एकूण ३६ किलो ऑक्सिजन असतो. १०० किलो शिजलेल्या भातात साधारण २८ किलो पिठूळ पदार्थ असतो आणि तो पूर्ण कुजायला सुमारे ३३ किलो ऑक्सिजन लागतो. म्हणजे शंभर किलो भात तलावातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन संपवू शकतो. प्रत्यक्षात भात एका दिवसात कुजत नाही आणि हवेतूनही ऑक्सिजन मिसळत राहतो, म्हणून तलाव टिकतो. पण सर्वपित्री अमावास्येच्या आसपास एकाच वेळी पिंड, पीठ, दूध, फुलं पडली की हा तोल जातो.

याची खूण पहाटे दिसते. रात्री पाणवनस्पती आणि शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. त्यामुळे ऑक्सिजन सूर्योदयाआधी सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यात हवा सोडणारे पंप ताबडतोब लावावे लागतात. अन्न पडणं मात्र त्याने थांबत नाही. त्यासाठी काठावर वेगळं कुंड ठेवून पिंड प्रतीकात्मक स्पर्शानंतर त्यात सोडणं आणि निर्माल्य त्याच दिवशी उचलणं, हाच उपाय आहे. विधी बंद होत नाही, अन्न मात्र तलावात साचत नाही. हे पुरोहितांशी आधी बोलून ठरवलं तरच टिकतं. नुसता फलक लावून फारसा फरक पडत नाही.

गाळ काढतानाही माशांचा विचार आधी करावा लागतो. वाळूच्या पोत्यांनी तलावाचे दोन भाग करून एका बाजूला पाणी आणि मासे ठेवायचे, दुसऱ्या बाजूचा गाळ काढायचा आणि मग अदलाबदल करायची. तळाचा गाळ ढवळला की पाण्यातला ऑक्सिजन झपाट्याने उतरतो, म्हणून माशांच्या बाजूला हवेचा पंप चालूच ठेवावा लागतो. पाण्याचा एक भाग शिल्लक राहिल्याने रोजचे विधीही थांबत नाहीत.

माणसांची सुरक्षितता

कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. उघड्या तलावात तो विरून जातो, पण पाणी येण्या-जाण्याच्या बंद चेंबरमध्ये साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, मात्र प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासा होतो. ‘आता वास येत नाही’ म्हणजे धोका टळला, असं समजणं जिवावर बेतू शकतं. बंद जागेत वायू मोजल्याशिवाय कोणालाही उतरवू नये.

भाविकांसाठी मोठा धोका दोन गोष्टींचा आहे: शेवाळलेली पायरी आणि गाळ काढल्यावर अचानक वाढलेली खोली. काल कंबरभर असलेलं पाणी आज डोक्यावरून जाऊ शकतं. त्यामुळे काम संपताच खोलीच्या खुणा, दोर आणि तरंगते फुगे हवेत. रेलिंग लावायचं असेल, तर मूळ दगडात भोकं पाडण्याऐवजी वजनाने उभं राहणारं, पुढे काढता येणारं असावं. शेवाळ नायलॉनच्या ब्रशने घासावं. ॲसिडने दगड क्षणभर चकचकीत दिसतो, पण सांध्यातला चुना विरघळतो.

तुटलेली पायरी कशी बसवतात?

आधी प्रत्येक दगडाला क्रमांक, फोटो आणि नकाशावर जागा. मग मागची भर पुन्हा ठोकून घट्ट करणं आणि शक्य तितके मूळ दगड त्याच जागी परत ठेवणं. एखादा दगड वाचण्यासारखा नसेल, तरच त्याच जातीचा नवा घडवून बसवायचा.

सांधे भरायला चुन्याचा मसाला लागतो. सिमेंट झटपट आणि मजबूत वाटतं, पण ते पाणी झिरपू देत नाही. मागचं पाणी अडतं, दाब वाढतो आणि पुढच्या वेळी तलाव उपसला की दुरुस्त केलेली पायरीच आधी निखळते. चुना मुरायला वेळ लागतो, म्हणून हे काम हिवाळ्यानंतर सुरू करून पावसाच्या बरंच आधी संपवावं लागतं. बाणगंगेत मशीन उतरलं तेव्हा जून उजाडला होता.